बायकांच्या तासाचं पाणी

पोहण्याच्या तलावाकडं बघताना लोकांना पाणी दिसतं. मला त्याचं जाणं-येणं दिसतं. कडेच्या जाळीतून ते आत ओढलं जातं, जमिनीखालच्या नळ्यांतून पंपघरात जातं, वाळूतून गाळून निघतं आणि भिंतीतल्या तोंडांतून पुन्हा तलावात येतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, निळं पाणी स्वस्थ पडलंय. मला ते कधी स्वस्थ दिसलं नाही. झोपेत चालणाऱ्या माणसासारखं ते मला वाटायचं, डोळे मिटलेलं पण वाट न चुकणारं.

हे माझं पोटापाण्याचं काम होतं. हैदराबादेत तलावांची यंत्रणा बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी इंजिनियर होते. आमचं ऑफिस नामपल्लीला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हॉटेलं, क्लब, दोन-तीन शाळा असं गिऱ्हाईक. मालक म्हणजे आमचे सर, किनाऱ्याकडचे तेलुगू, जाड चष्मा आणि हळू आवाज. मला स्वतःला पोहता येत नव्हतं. तलावांच्या कडेनं मी इतकी वर्षं हिंडले, पण घोट्याच्या वर कधी ओली झाले नाही. लोक हसायचे. मी म्हणायची, हलवायानं मिठाई खाल्लीच पाहिजे असं कुठं आहे.

ती वर्षं राज्याच्या वाटणीची होती. आज बंद, उद्या मोर्चा, परवा दोन्ही. बसवर दगड पडला की ऑफिस लवकर सुटायचं. कुठली कचेरी इकडं राहणार, कुठली तिकडं जाणार, याच्या गप्पांना ऊत आला होता. सरांनी विजयवाड्याला, म्हणजे वाटणीत पलीकडं जाणाऱ्या त्यांच्या किनाऱ्याच्या भागात, शाखा काढायचं ठरवलं होतं, आणि ते स्वतः जाणार की राहणार हे त्यांना विचारायचं धाडस आमच्यातल्या कुणाला होत नव्हतं. घरी आई मात्र थंड होती. "आमच्या लहानपणी एकदा झालीय वाटणी," ती म्हणायची. "तेव्हा मराठी जिल्हे गेले नि आपण राहिलो. माणूस असं राहूनच जातं बघ." आजोबांची नोकरी इथं होती, म्हणून ते गावी परतले नव्हते. आई इथंच वाढली, इथंच टेलिफोन खात्यात लागली आणि इथूनच निवृत्त झाली. तिच्या मराठीत निम्मं दखनी होतं आणि तिला त्याची लाज नव्हती.

आईचे गुडघे गेले होते. काठीशिवाय तिला दारापर्यंत जाता येत नव्हतं आणि काठी तिला अजिबात आवडत नव्हती. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, पाण्यात वजन जाणवत नाही. आम्ही ज्या हॉटेलच्या तलावाची देखभाल करत होतो, तिथं रोज सकाळी बायकांचा तास असायचा. बाहेरच्या बायकांनाही फी भरून येता यायचं. शिकवणाऱ्या बाई जुन्या शहरातल्या. सगळ्या त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायच्या, मग म्हणणारी वयानं मोठी असो की लहान. तलावाभोवती कनात लागायची आणि त्या वेळात पुरुषाला आत पाऊल टाकायची बंदी असायची. मी आईला तिथं पाठवायला लागले. सुलतान बाजारातल्या एका शिंपिणीनं तिला गळ्यापासून घोट्यापर्यंत नायलॉनचा पोशाख शिवून दिला. तो घालून आई आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मासोळी दिसतेय की बोंबील?" मी म्हटलं, बोंबील. ती खूश झाली.

थोड्याच दिवसांत आई पाण्यात काठीशिवाय चालायला लागली. नुसती चालत नव्हती, येरझाऱ्या घालत होती. घरी आल्यावर खुर्चीत बसून डोळे मिटायची आणि तिचे पाय जमिनीवर हळूहळू हलत राहायचे. मला ते बघून इतका आनंद व्हायचा की मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायची.

आणि नेमकं त्याच हंगामात त्या तलावाचं पाणी दुधाळ व्हायला लागलं.

तक्रार दुपारची असायची. जेवणाआधी पाहुणे पोहायला उतरायचे आणि त्यांना तळ दिसायचा नाही. तळ न दिसणं म्हणजे नुसतं ओंगळ नाही, ते धोक्याचं आहे. खोल टोकाला कुणी बुडालं तर वरून कळणार नाही. हॉटेलचे मॅनेजर उत्तरेकडचे, तरुण, टापटिपीचे. त्यांचा हिशोब सरळ होता. सकाळी सहाला पाणी काचेसारखं असतं, बायकांचा तास संपला की ते दूध होतं. तर मग दोष बायकांचा. डोक्याला खोबरेल चोपडून येतात, मेंदी लावून येतात. हा तास बंद करा.

मी तेव्हा म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. पण चोर कोण, ते मलाही ठाऊक नव्हतं.

देखभाल आमची असूनही, आम्हाला न विचारता त्यांनी आधीच एक उपाय परस्पर करून टाकला होता. मोठा पंप बसवला होता. तलाव वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, सरासरी खोली दीड मीटर, म्हणजे तीनशे घनमीटर, तीन लाख लिटर पाणी. जुना पंप तेवढं पाणी आठ तासांत एकदा फिरवायचा. नवा चार तासांत फिरवत होता. फेरा निम्म्या वेळात झाला म्हणजे पाणी दुप्पट स्वच्छ होईल, असं त्यांना वाटलं. पाणी आणखीच बिघडलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

मी त्यांना पंपघरात नेलं आणि वाळूच्या दोन टाक्या दाखवल्या. प्रत्येकीचा व्यास नव्वद सेंटीमीटर. दोन्ही मिळून वाळूचं तोंड सव्वा चौरस मीटरच्या जरा वर. आठ तासांच्या फेऱ्याला ताशी साडेसदतीस घनमीटर पाणी लागतं. ते त्या वाळूवर पसरलं की पाणी ताशी तीस मीटरच्या आसपास वेगानं खाली उतरतं. हा वेग वाळूला सोसतो. बारीक कण वाळूच्या दाण्यांत अडकतात, पाणी पुढं जातं. पण चार तासांच्या फेऱ्याला ताशी पंचाहत्तर घनमीटर लागतं, आणि वाळू तेवढीच ठेवली की वेग साठच्या घरात जातो. मग पाणी कणांना वाळूतून ढकलून पलीकडं नेतं. जे पकडायचं तेच सोडून दिलं जातं.

"म्हणजे पंप छोटा करू?" मॅनेजरनी विचारलं.

"नाही. चार तासांचा फेरा चांगलाच आहे, तुमच्याकडं आता माणसं जास्त येतात. वाळू दुप्पट करा. तसल्याच आणखी दोन टाक्या. वेग पुन्हा तीसवर येईल."

जुन्या नळ्या अरुंद होत्या, त्याही रुंद केल्या. मी आणि सरांनी मिळून ते काम उभं केलं. पहाटे जाऊन मी प्रवाहमापकावरचा आकडा बघायची. काटा पंचाहत्तरवर स्थिर. सर पंपघराच्या पायरीवर बसून टाक्यांच्या आवाजाकडं कान लावायचे. त्या गार, ओलसर खोलीत पंपांचा एकसुरी आवाज ऐकताना मला नेहमी झोप यायची. काहीतरी मोठं आणि शांत आपल्या शेजारी श्वास घेतंय असं वाटायचं.

पहाटे पाणी स्वच्छ. संध्याकाळी मी पुन्हा जायची, तेव्हाही जवळजवळ स्वच्छ. आणि दुपारी मॅनेजरचा फोन. दूध.

या वेळी त्यांचा आवाज मऊ होता, आणि मऊ आवाजात माणसं पक्के निर्णय सांगतात. टाक्या वाढवल्या, नळ्या वाढवल्या, आता पाण्याशिवाय एकच गोष्ट उरली, ती म्हणजे बायका. उन्हाळ्याचा हंगाम सुरू होण्याआधी तो तास बंद. मी म्हटलं, मला थोडे दिवस द्या. ते म्हणाले, महिनाअखेर.

मी हे आईला सांगितलं. तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "असू दे. चाललो की एवढे दिवस." आणि हात लांब करून तिनं कोपऱ्यातली काठी जवळ ओढली. मला त्या काठीचा असा राग आला की ती खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली.

सरांना मी आकडे पुन्हा दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "लेक्क करेक्टे कदम्मा," ते म्हणाले. हिशोब तर बरोबर आहे. मग थोड्या वेळानं हिंदीत, "कागद पे तालाब चौबीस घंटा घूमता. वहाँ घूमता क्या?"

आमच्या कंपनीतल्या कुणीही बायकांच्या तासाला तलाव पाहिला नव्हता. पाहू शकणारच नव्हतं. सगळे पुरुष, एक मी सोडून. आणि मी सोयीनं त्याच्या आधी किंवा नंतर जायची. दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर कनातीच्या आत गेले.

मला जे दिसलं ते मला फार आवडलं, हे आधी सांगते.

ऊन अजून तिरपं होतं. कनातीच्या निळ्या कापडातून गाळून येत होतं. बायका एकेक करून येत होत्या, बुरखे घडी करून, पदर सोडून, वेण्यांचे अंबाडे बांधून. बेगम बाजारातल्या मसाल्याच्या दुकानदारांच्या दोन सुना होत्या, एक बँकेत काम करणारी होती, एक म्हातारी होती जी फक्त पायरीवर बसून पाय बुडवायची. आपा काळ्या पोशाखात काठावर उभ्या होत्या, खांदे पैलवानासारखे. कनातीपलीकडून पंपवाला खाकरला. मग जमिनीखालून येणारा तो आवाज, जो मी इतकी वर्षं ऐकत आले होते, तो हळूच थांबला.

पाणी स्थिर झालं. आधी मधे, मग कडेला. भिंतीतल्या तोंडांपुढची थरथर विरली, वरचं पाणी आत ओढून घेणाऱ्या कडेच्या जाळीची झडप डुलायची थांबली. आभाळ पुरतं पाण्यात उतरलं. बायका त्यात शिरल्या आणि आभाळ सावकाश बाजूला झालं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आई शांतपणे चालत होती, हात पसरून, तोंडावर हसू, जणू तिला कुणी बोलावलं होतं नि तिला घाई नव्हती. मी काठावर बसून बघत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

मग माझी नजर पुन्हा त्या झडपेवर गेली. ती डुलत नव्हती. पाण्यावर तेलाचा एक पातळ, रंगीत पापुद्रा जमत होता आणि त्याला जायला वाट नव्हती.

बायकांचा तास म्हणायला तास होता. एका तुकडीच्या दोन झाल्या होत्या, दोनाच्या तीन. पहिल्या तुकडीपासून शेवटच्या तुकडीपर्यंत पंप बंद असायचा. दिवसातली सगळ्यात जास्त माणसं ज्या वेळी पाण्यात, नेमक्या त्याच वेळी पाणी फिरत नव्हतं, गाळलं जात नव्हतं, आणि पंपाबरोबर जोडलेली क्लोरीनची धारही बंद. आमचा चार तासांचा फेरा सकाळभर कागदावरच होता. पंपवाला भला माणूस. बायांनी सांगितलं म्हणून बंद करायचा आणि चहाला जायचा. बायांच्या तासाची गोष्ट साहेबांपाशी कशाला काढायची, हा त्याचा लिहाज, म्हणजे अदब. परत येऊन पंप चालू करायचा, आणि नोंद घ्यायची वेळ झाली की काटा पंचाहत्तरवर असायचाच.

आणि पंप चालू झाला तरी पाणी लगेच निवळत नाही. तीन लाख लिटर गाळून झाले म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असं नसतं. गाळलेलं पाणी न गाळलेल्यातच येऊन मिसळतं, त्यातलं काही पुन्हा जातं, काही मागं राहतं. एका फेऱ्यानंतर शंभरातले त्रेसष्ट थेंब वाळूतून जाऊन आलेले असतात, सदतीस तसेच राहिलेले. दुसऱ्या फेऱ्यानंतर चौदा राहतात, तिसऱ्यानंतर पाच. म्हणून दुपारी दूध, संध्याकाळी बरं, पहाटे काच. मला कॉलेजात हे शिकवलं होतं तेव्हा मी ते नुसतं पाठ केलं होतं. त्या काठावर बसून मला पहिल्यांदा ते राहिलेले थेंब डोळ्यांपुढं आले, आणि का कोण जाणे, आजोबा आठवले.

तास संपल्यावर मी आपांना सांगितलं, पंप बंद करू नका.

आपा माझ्यावर भडकल्या. आवाज चढवला नाही, पण भडकल्या. "आपकू मालूम क्यों बंद कराती मैं? उथले में सब नये लोगां रहते. दीवार में से पानी आके सीधा छाती पे मारता. एक बच्ची थी, पाँव उखड गये उसके. डूबी नै, पर डर बैठ गया. डर एक बार बैठ गया ना, वो नै निकलता. तुम्हारा पंप उसकू निकालेगा क्या?"

मी म्हटलं, नाही.

"फिर?"

"पंप चलेगा, पर मारेगा नै. मेरेकू एक दिन दो."

त्यांनी मला न्याहाळलं, मग आईला; आईला तिथं सगळ्या खालम्मा, म्हणजे मावशी, म्हणायच्या. शेवटी म्हणाल्या, "खालम्मा की बेटी हैं बोलके देती. पर सब औरतां देखेंगे. उनकू भरोसा नै हुआ तो पंप बंद."

सोमवारी तलाव साफसफाईसाठी बंद असायचा. सरांनी मला कपाटातून एक लहान डबा काढून दिला. पाण्याचा मार्ग डोळ्यांना दिसावा म्हणून वापरायचा जांभळा रंग. चिमूटभर पुरतो. त्याआधी पाण्यातलं क्लोरीन मारावं लागतं, नाही तर ते रंग खाऊन टाकतं. आणि काम झालं की पुन्हा क्लोरीन सोडलं की रंग आपोआप जातो. डबा देताना ते म्हणाले, "रख लो. मैं वहाँ नया लेता." विजयवाड्याला जायचं त्यांनी मला असं सांगितलं. मी डब्याचं झाकण घट्ट करत बसले.

सोमवारी सकाळी बायका पोहायचा पोशाख न घालता, साध्या कपड्यांत काठावर ओळीनं बसल्या. आई खुर्चीत. कनातीच्या आत नव्हता तो एकटा पंपवाला. तो पंपघरात होता, आणि मी हाक मारली की त्यानं टाक्यांच्या पुढच्या नळीत रंग सोडायचा होता. मी हाक मारली.

आधी काहीच झालं नाही. मग भिंतीतल्या सहा तोंडांतून जांभळा धूर निघाला. सहा लांब, मऊ जिभा पाण्यात सरकत गेल्या, टोकाशी उलगडल्या, एकमेकींत मिसळल्या. कुणीतरी हळूच "या अल्ला" म्हणालं. मी हा रंग आधीही पाहिला होता, पण पुरुषांच्या घोळक्यात, घड्याळाकडं बघत. इथं सगळ्या गप्प होत्या. पायरीवरच्या म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला होता. आभाळ जांभळं झालं, मग पाणी, मग आमचे चेहरे. पाणी कुठून येतं नि कुठं जातं हे त्या बायकांना इतकी वर्षं कुणी दाखवलं नव्हतं.

दोन गोष्टी लख्ख दिसल्या. उथळ बाजूची दोन तोंडं सरळ समोर मारत होती, छातीच्या उंचीवर, आपा म्हणाल्या होत्या अगदी तशी. आणि पायऱ्यांजवळचा एक कोपरा पांढराच राहिला होता. चहा निवेल एवढा वेळ झाला, सगळा तलाव सारख्या रंगाचा झाला, तरी तो कोपरा पांढरा. पंप चालू असतानाही तिथलं पाणी कधी फिरतच नव्हतं.

त्या तोंडांत एक फिरती गोटी असते, डोळ्याच्या बाहुलीसारखी. हातानं वळवता येते. पण तोंडं पाण्याच्या हातभर खाली. कुणाला रंगाच्या पाण्यात उतरवायचं नव्हतं. मी काठावर पालथी पडले आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. पहिली गोटी जुन्या क्षारानं चिकटली होती. मी आणखी पुढं सरकले. छाती काठाच्या बाहेर गेली, तोंड पाण्याला टेकलं, आणि मला कळलं की मी घसरतेय.

तेवढ्यात माझे पाय कुणीतरी धरले. घट्ट, दोन्ही घोटे. मागं वळून बघता येत नव्हतं, पण ते हात मला ठाऊक होते. आई खुर्चीतून उठली होती, काठीशिवाय, आणि आपलं सगळं वजन घेऊन माझ्या पायांवर बसली होती.

"फिरव तुझं काय ते," ती म्हणाली. "मी हाय."

गोटी फिरली. जांभळी जीभ वाकली, तळाकडं गेली, आणि फरशीवरून पसरत पायऱ्यांच्या कोपऱ्याकडं निघाली. दुसरीही वळवली. बायका पुढं झुकून बघत होत्या. पांढरा कोपरा कडेनं जांभळा होत होत मधे एवढासा उरला, आणि मग नाहीसा झाला. आपा उथळ बाजूला जाऊन उकिडव्या बसल्या, हात पाण्यात घालून छातीच्या उंचीवर बराच वेळ धरून राहिल्या. "नै मारता," त्या शेवटी म्हणाल्या. "चलने दो."

माझा हात कितीतरी दिवस जांभळट होता, आणि माझ्या घोट्यांवर आईची बोटं उमटली होती. इतकं घट्ट धरायची काय गरज होती, मी तिला विचारलं. ती माझ्या घोट्यांना तेल चोळत राहिली.

मॅनेजरचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तेलाचं काहीतरी करायला हवंच होतं. आपांनी नियम केला, डोकं धुऊन, टोपी घालूनच पाण्यात. बेगम बाजारच्या दोघींनी कुरकुर केली आणि मग टोप्यांचा गठ्ठाच घाऊक भावात आणून सगळ्यांना वाटला. पंप चालू राहिला. कडेची झडप सकाळभर डुलत राहिली आणि तेलाचा पापुद्रा तिच्यातून जात राहिला.

महिनाअखेर मॅनेजर भर दुपारी खोल टोकाला येऊन उभे राहिले. तळाच्या जाळीच्या पट्ट्या मोजता येतात का, हे बघायची आमची जुनी रीत. त्यांनी खाली बघितलं. ओठ हलताना मला दिसले. मग त्यांनी मान वर केली, म्हणाले, "मॅडम, ठीक आहे. चालू राहू द्या," आणि टाय सारखा करत निघून गेले. एवढंच. मला वाटलं होतं मी काहीतरी बोलेन, पण मी तिथंच काठावर बसले आणि त्या पट्ट्या स्वतः एकदा मोजल्या.

सर त्याच सुमारास गेले. अर्धं ऑफिस त्यांच्याबरोबर गेलं. गाड्यांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलायला लागली, दुकानांच्या पाट्यांवरचं राज्याचं नाव बदललं, आणि आम्ही राहिलो.

त्यानंतरच्या एका सकाळी मी आईला सोडायला गेले आणि नेहमीसारखी काठावर बसले. आई पाण्यात होती. जमिनीखाली पंपाचा आवाज चालू होता आणि पाणी किंचित, कळे न कळे असं सरकत होतं. आई चालत माझ्यापाशी आली आणि कडेला कोपर टेकून उभी राहिली.

"हे पायाला लागतं बघ," ती म्हणाली. "खालून हळूच येतं. आधी नव्हतं असं."

"त्रास होतो?"

"नाही गं. कुणी विचारपूस करावी तसं वाटतं."

मग ती पाण्याकडं बघत बोलली, मला सांगतेय असं नाही, नुसतं बोलली. लहानपणी सुट्टीत ती गावी जायची. आम्ही बौद्ध. आम्हाला गावच्या विहिरीवर जायची सोय नव्हती. कुणी वरून पाणी वाढलं तर घ्यायचं, नाही तर ओढ्याला. एका दुपारी विहिरीवर कुणी नव्हतं म्हणून ती गेली आणि कठड्यावर पालथी पडून आत बघत राहिली. आत आभाळ होतं, आणि तिचं तोंड. तेवढ्यात तिच्या आईनं मागून येऊन दोन्ही घोटे धरले आणि तिला फरफटत मागं ओढलं. कोपरं सोलली, गुडघे फुटले.

"मी बुडेन म्हणून नव्हे," आई म्हणाली. "कुणी बघेल म्हणून. तिचे हात असे थंड होते. त्या दिवशी तुझे पाय धरले नि मला ते हात आठवले."

बायका आमच्या मागून सावकाश येत-जात होत्या. ऊन तळापर्यंत पोचलं होतं आणि फरशीवर त्याची जाळी हलत होती. आईचे पाय मला स्वच्छ दिसत होते, एकेक बोट.

तिनं पाण्यातून हात वर काढला आणि माझ्यापुढं धरला. बोटांवरून थेंब ओघळत होते.

"आता मागून ओढायला कुणी नाही," ती म्हणाली. "ये."

मी चपला काढल्या आणि साडीसकट पायऱ्या उतरले.